पॅकअपनंतरचा ताळा

चित्रपटाचं चित्रीकरण संपतं, युनिट मुंबईला परततं, संकलन सुरू होतं आणि मग निर्मात्याच्या ऑफिसात एकेक बिल येऊन पडायला लागतं. लाइटवाल्याचं, जनरेटरवाल्याचं, जेवणवाल्याचं, गाड्यांचं. बहुतेक आकडे अपेक्षेप्रमाणेच असतात, पण प्रत्येक बिलाच्या खालच्या बाजूला एखादी ओळ अशी असते की तिथे बोट अडतं. ‘जादा शिफ्ट : ५’. ‘रात्रीचं जेवण, जादा : ३१० माणसं’. या शिफ्ट कोणत्या तारखांच्या? त्या वाढवायला कोणी सांगितलं होतं? ज्याला माहीत होतं तो प्रॉडक्शन मॅनेजर दुसऱ्या सिनेमावर गेलेला असतो. दिग्दर्शकाला एवढंच आठवतं की एकदोनदा उशीर झाला होता. लाइटवाल्याकडे त्याची वही असते, निर्मात्याकडे काहीच नसतं. अशा वेळी घासाघीस होते, थोडी रक्कम कमी होते आणि बाकीची मुकाट्याने भरावी लागते.

मराठी सिनेमाचं बजेट अशा ठिकाणी फुटतं. पैसे कुणी पळवलेले असतीलच असं नाही. अनेकदा रोजच्या रोख रकमेचा हिशेब अगदी पैशापर्यंत जुळलेला असतो, तरीही शेवटचा हिशेब मंजूर बजेटच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. रोख जुळणं आणि बजेट जुळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि सेटवर बहुतेक वेळा त्यांतलं पहिलंच केलं जातं. दुसरं कसं करायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

बारा दिवसांचं आउटडोअर

समजा, एका छोट्या मराठी सिनेमाचं बारा दिवसांचं चित्रीकरण वाईजवळच्या एका गावात आहे. वाडे, घाट, शेतं आणि मुंबई-पुण्याहून गाठता येईल असं अंतर, यामुळे या परिसरात चित्रीकरणं होत आली आहेत. युनिट नव्वद माणसांचं. पुढचे सगळे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण कामाची रीत हीच असते.

निर्मात्याने मंजूर केलेलं बजेट म्हणजे एक मोठी रक्कम नसते, ती खात्यांची यादी असते. कलाकार, तंत्रज्ञ, कॅमेरा, लाइट आणि जनरेटर, कला विभाग, वेशभूषा, लोकेशन, गाड्या, राहणं, जेवणखाण, आणि शेवटी आकस्मिक खर्चासाठी साधारण पाच ते दहा टक्के. प्रत्येक खात्याला क्रमांक असतो. हा क्रमांक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण सेटवरचा प्रत्येक कागद शेवटी या यादीतल्या कुठल्यातरी एका ओळीत जाऊन बसायचा असतो.

चित्रीकरण सुरू होण्याआधी लाइन प्रोड्यूसर आणि अकाउंटंटने एक काम करून ठेवावं लागतं. प्रत्येक खात्याची रक्कम दिवसांवर वाटायची. सगळीकडे सरळ भागाकार चालत नाही. गर्दीच्या प्रसंगाच्या दिवशी ज्युनिअर आर्टिस्ट जास्त, रात्रीच्या प्रसंगाला लाइट जास्त, कला विभागाचा खर्च तर बराचसा पहिल्या दिवसाच्या आधीच होऊन जातो. म्हणून ही वाटणी चित्रीकरणाच्या वेळापत्रकाकडे पाहून करायची. जेवणखाणाचं खातं त्यातल्या त्यात सोपं आहे. आपल्या उदाहरणात जेवणवाल्याशी ठरलेला दर माणशी दिवसाला ३५० रुपये आहे, त्यात नाश्ता, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा-नाश्ता आला. नव्वद माणसांचे रोजचे ३१,५०० आणि बारा दिवसांचे ३,७८,००० रुपये. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

रात्रीचा पहिला ताळा

चौथा दिवस घेऊ. सकाळी प्रॉडक्शन मॅनेजरच्या पेटीत ४०,००० रुपये रोख आहेत. दिवसभरात त्यातून जनरेटरच्या डिझेलला ९,००० गेले. गावातल्या वीस माणसांना बाजाराच्या प्रसंगात उभं केलं, त्यांना प्रत्येकी ५०० प्रमाणे १०,००० दिले. मांडव आणि खुर्च्यांचं भाडं ३,२००, कला विभागाचे खिळे, रंग, सुतळी मिळून २,६५०, ग्रामपंचायतीची पावती २,०००, सामान आणणाऱ्या टेम्पोचे १,८०० आणि औषधांचे ३५०. सगळे मिळून २९,००० झाले. म्हणजे पेटीत ११,००० उरायला हवेत.

रात्री नोटा मोजल्या तेव्हा ९,५०० निघाले. सोबत एक चिठ्ठी होती. वेशभूषेच्या माणसाने लुगडी आणायला १,५०० उचल नेली होती आणि त्याने चिठ्ठीवर सही केली होती. ९,५०० आणि १,५०० मिळून ११,०००. ताळा जुळला.

यात एक गोष्ट नीट पाहायची आहे. १,५०० रुपये अजून खर्च झालेले नाहीत, ते उचल म्हणून बाहेर आहेत. उद्या बिल आलं की ते वेशभूषेच्या खात्यात जातील आणि उरलेले पैसे पेटीत परत येतील. उचल दिली त्याच वेळी ती खर्चात लिहून टाकली, की मागे राहिलेले दोनतीनशे रुपये कुणी परत मागत नाही. बारा दिवस, पाचसहा विभाग आणि रोजच्या दोनतीन उचली असा गुणाकार केला म्हणजे त्याचं वजन कळतं. म्हणून चांगला प्रॉडक्शन मॅनेजर एक साधा नियम पाळतो. आधीच्या उचलीचं बिल आल्याशिवाय त्याच माणसाला पुढची उचल द्यायची नाही.

हा ताळा त्याच रात्री व्हायला हवा. सकाळी नवा कॉल टाइम असतो, नव्या उचली सुरू होतात आणि कालचे चारशे रुपये कुठे गेले हे कोणालाच सांगता येत नाही. त्या रात्री विचारलं तर टेम्पोवाला अजून दारात असतो, सुतळी आणणारा मुलगा समोर बसलेला असतो.

कागद काय सांगतो

आता या २९,००० रुपयांचे कागद पाहू. डिझेलची पावती पंपाच्या यंत्रातून निघालेली, थर्मल कागदावरची. असा कागद उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की त्यावरची अक्षरं उडतात. लेखापरीक्षकासमोर तो जाईपर्यंत हातात कोरी पट्टी उरते. म्हणून ती हातात आल्याबरोबर तिचा फोटो काढायचा आणि ती कोऱ्या कागदावर चिकटवून बाजूला पेनने लिहायचं: तारीख, चित्रीकरणाचा दिवस चौथा, जनरेटरचा क्रमांक, किती लिटर, किती रुपये, खातं लाइट-जनरेटर, व्हाउचर क्रमांक आणि पैसे देणाऱ्याची सही. पंपावरची पावती फक्त डिझेल विकलं गेलं एवढंच सांगते. ते कशात गेलं, हे आपण लिहिल्याशिवाय तिला माहीत नसतं.

गावातल्या वीस जणांकडे पावतीपुस्तक असण्याचं कारण नाही. त्यांच्यासाठी मस्टर करायचं. नाव, गाव, मोबाइल क्रमांक, रक्कम आणि समोर सही किंवा अंगठा. खाली को-ऑर्डिनेटरची आणि प्रॉडक्शनच्या माणसाची सही. दिवसाचा एखादा फोटो सोबत असला तर उत्तम. टेम्पोवाल्यासाठी आपलंच व्हाउचर, त्यावर गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि काय सामान आणलं ते. ५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मिळाल्याची पोच घेताना एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यायची. दुकानदाराकडे पक्कं बिल मिळत असेल तर कच्ची चिठ्ठी घेऊन यायचं नाही, आणि पक्कं बिल मुलाच्या नावावर न घेता निर्मितीसंस्थेच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह घ्यायचं. त्यासाठी प्रॉडक्शनच्या प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये संस्थेचं नाव, पत्ता आणि क्रमांक पहिल्याच दिवशी टाकून द्यावेत.

यूपीआय आल्यापासून हे काम सोपंही झालंय आणि अवघडही. सोपं अशासाठी की पैसे कोणाला आणि किती वाजता गेले याची नोंद आपोआप राहते. अवघड अशासाठी की पुष्कळ जण त्या स्क्रीनशॉटलाच बिल समजतात. स्क्रीनशॉट फक्त पैसे गेल्याचं सांगतो. काय घेतलं, किती नग, कोणत्या दराने, हे त्यात नसतं. शिवाय प्रॉडक्शनचा मुलगा स्वतःच्या फोनवरून पैसे देतो, संध्याकाळी स्क्रीनशॉट दाखवून पेटीतून भरपाई घेतो आणि दोन दिवसांनी दुकानाचं बिल हाती लागलं की तेही जमा करतो. हेतू वाईट नसतो, पण एकच खर्च दोनदा लिहिला जातो. बिल आणि स्क्रीनशॉट एकाच व्हाउचरला एकत्र लावायचे आणि यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक व्हाउचरवर लिहायचा. तो क्रमांक दुसऱ्यांदा लिहिण्याची वेळ आली की चूक समोर येते.

जे पेटीतून गेलंच नाही

इथपर्यंतचं काम बहुतेक सेटवर कमीअधिक प्रमाणात होतं. खरी अडचण यापुढची आहे.

चौथ्या दिवशी कॉल टाइम सकाळी सातचा होता. शिफ्ट बारा तासांची, म्हणजे संध्याकाळी सातला पॅकअप व्हायला हवं होतं. दुपारी ढग आले, वाड्याच्या चौकातला प्रसंग रेंगाळला आणि कलाकार दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हता. काम रात्री एकपर्यंत चाललं. आठच्या सुमाराला जेवणवाल्याचा माणूस टेबलापाशी येऊन विचारून गेला, “दादा, रात्रीचं जेवण किती जणांचं धरू?” मॅनेजरने मान वर न करता सांगितलं, “सगळ्यांचं धर.”

या दोन शब्दांत १०,८०० रुपये खर्च झाले. रात्रीच्या जेवणाचा दर माणशी १२० ठरला होता आणि नव्वद जण जेवले. लाइटची आठ माणसं प्रत्येकी अर्धी शिफ्ट जास्त राहिली, ७५० प्रमाणे ६,००० झाले. लाइटच्या सामानाचं आणि जनरेटरचं रोजचं भाडं २४,०००, करारात अर्ध्या शिफ्टला अर्धं भाडं, म्हणजे १२,०००. सहा गाड्या थांबल्या, प्रत्येकी १,००० प्रमाणे ६,०००. एकूण ३४,८०० रुपये.

त्या रात्री पेटीचा ताळा जुळला होता आणि दिवसाचा रोख खर्च २९,००० दिसत होता. त्याहून मोठी रक्कम सहा तासांत देणं म्हणून उभी राहिली आणि रोजमेळात तिचा एक रुपयाही नव्हता. यांतल्या कोणीही त्या दिवशी पैसे मागितले नाहीत. चित्रीकरण संपल्यावर ते एकदम मागणार आहेत, आणि ‘जादा शिफ्ट : ५’ ही ओळ तेव्हा जन्माला येणार आहे.

म्हणून रोजच्या हिशेबात रोख रकमेबरोबर दुसरा कागद हवा, त्या दिवशी लागू झालेल्या देण्यांचा. तो करायला अकाउंटिंगचं शिक्षण लागत नाही. करारांची एक यादी समोर हवी: कोणाची शिफ्ट किती तासांची, त्यापुढे दर काय, गाडीचे किलोमीटर किती ठरले आहेत, जेवणाचा दर कोणत्या वेळेपर्यंतचा. दिग्दर्शन विभाग रोज एक अहवाल करतो, त्यात कॉल टाइम, पहिला शॉट, जेवणाची सुट्टी, पॅकअप, हजर माणसं आणि झालेले प्रसंग असतात. त्या अहवालातल्या वेळा आणि करारातले दर एकमेकांसमोर ठेवले की देण्याचा आकडा निघतो. पॅकअपनंतर त्याच जागी लाइटचा मुकादम, जनरेटरचा ऑपरेटर, गाड्यांचा म्होरक्या आणि जेवणवाला यांच्या सह्या या कागदावर घ्यायच्या. त्यांनाही ते हवंच असतं, कारण त्यांची मजुरी पुढे वादात अडकत नाही. शिफ्ट वाढवायला कोणी मंजुरी दिली, त्याचीही सही तिथेच.

ताटांचं गणित

आता जेवणखाणाच्या खात्याकडे परत येऊ. चौथ्या दिवसअखेर बजेटप्रमाणे इथे १,२६,००० रुपये खर्च व्हायला हवे होते. जेवणवाल्याला आतापर्यंत १,००,००० आगाऊ दिलेले आहेत. वहीत या खात्यासमोर एक लाख दिसतो आणि कुणालाही वाटेल की आपण २६,००० वाचवले.

ताटं मोजली तर वेगळंच चित्र दिसतं. पहिल्या दिवशी ९६ माणसं जेवली, दुसऱ्या दिवशी ९८, तिसऱ्या दिवशी १०४ आणि चौथ्या दिवशी १०२. एकूण ४०० ताटं, बजेट होतं ३६० चं. ३५० च्या दराने १,४०,००० झाले आणि चौथ्या रात्रीचे १०,८०० धरून १,५०,८००. म्हणजे २६,००० वाचलेले नाहीत, २४,८०० जास्त गेले आहेत. जेवणवाल्याला ५०,८०० देणं आहे, ते अजून दिलं नाही एवढंच.

यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. राहिलेल्या आठ दिवसांत काय होईल? रोज सरासरी शंभर ताटं लागत असतील आणि आता एकदाही उशीर झाला नाही असं धरलं, तरी २,८०,००० लागतील. आधीचे १,५०,८०० त्यात मिळवले की ४,३०,८०० होतात. मंजूर रक्कम ३,७८,०००. बाराव्या दिवशी हे खातं ५२,८०० रुपयांनी फुटणार, हे चौथ्या रात्री समजलं.

हाच आकडा दीड महिन्याने समजला असता तर करण्यासारखं काही उरलं नसतं. आता मात्र आहे. जास्तीची दहा माणसं कोण, ते शोधता येतं. बहुधा गावातले ज्युनिअर आर्टिस्ट जेवायला थांबतात, भाड्याच्या गाड्यांचे चालक युनिटच्या नव्वदात धरलेलेच नसतात, चित्रीकरण पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही कुणी उपाशी पाठवत नाही. चालकांचं जेवण योग्यच आहे, बजेट करताना ते राहून गेलं, ही बजेटची चूक. ती मान्य करून आकस्मिक निधीतून रक्कम वळवायची आणि त्यावर निर्मात्याची सही घ्यायची. गावातल्या माणसांना कॉल कधी द्यायचा, हे मात्र ठरवता येतं. त्यांचा प्रसंग दुपारी दोननंतर असेल तर सकाळी सातला बोलावून नाश्ता आणि जेवण दोन्ही देण्याची गरज नाही. अर्थात बोलावलं असेल तर जेवण द्यायलाच हवं. माणसांच्या ताटातलं काढून बजेट जुळवणारं प्रॉडक्शन मला मान्य नाही, आणि तशी गरजही पडत नाही, कारण वाया जाणारे पैसे जवळजवळ नेहमी वेळापत्रकात असतात.

प्रत्येक खात्यासाठी असे चार आकडे रोज लिहायचे: मंजूर किती, आजपर्यंत दिले किती, देणं लागू झालं पण दिलं नाही ते किती, आणि काम पुरं व्हायला अजून किती लागेल. शेवटच्या तिघांची बेरीज मंजूर रकमेशी ताडून पाहायची. बारा-पंधरा ओळींचा एक तक्ता होतो. तो रोज रात्री लाइन प्रोड्यूसरला आणि दर दोनतीन दिवसांनी निर्मात्याला जायला हवा. यांतला चौथा आकडा अंदाजाचा असतो आणि तिथेच प्रामाणिकपणा लागतो. ‘मंजूर वजा खर्च’ एवढी वजाबाकी करून तो भरला, तर तक्ता शेवटच्या दिवसापर्यंत सगळं ठीक असल्याचं सांगत राहील. तो आकडा उरलेल्या कामाकडे बघून नव्याने काढावा लागतो.

खरी पावती, खोटी पावती

पावती आहे म्हणजे खर्च झालाच असं नाही. पडताळा घ्यायचा असेल तर पावतीकडे पुन्हा पुन्हा बघून उपयोग नसतो, तिच्याशी संबंध नसलेला दुसरा कागद शोधावा लागतो.

जनरेटरवर तास मोजणारं मीटर असतं. आपल्या जनरेटरने पहिल्या दिवशी दहा तासांत सत्तर लिटर डिझेल घेतलं, म्हणजे तासाला सात. चौथ्या दिवशी तो चौदा तास चालला, शंभर लिटर लागले. हिशेब बसतो. सहाव्या दिवशी दहाच तास चालला आणि पावती पुन्हा शंभर लिटरची आली, तर मात्र विचारायला हवं. त्या दिवशी मोठे लाइट लागले असतील, टाकी पुढच्या दिवसासाठी भरून ठेवली असेल. उत्तर मिळू शकतं, पण ते विचारल्यावरच. त्यासाठी रोज सकाळी आणि पॅकअपला मीटरचा फोटो काढून ठेवणं पुरतं. गाड्यांच्या किलोमीटरचं तसंच. जेवणाच्या ताटांचा आकडा कॉलशीटमधल्या माणसांशी ताडायचा.

बिलबुकाचे क्रमांकही बोलतात. एकाच हार्डवेअरच्या दुकानाची आठ दिवसांतली बिलं ४१, ४२, ४३, ४४ अशी लागोपाठ आली, तर त्या दुकानात आठवडाभर दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही असं मानावं लागेल. बहुधा बिलं एकदम बसून लिहिलेली असतात. वेगवेगळ्या दुकानांच्या बिलांवर एकच हस्ताक्षर, प्रत्येक आकडा पूर्ण शंभरात, रविवारी बंद असणाऱ्या दुकानाचं रविवारचं बिल, याही तशाच खुणा. यांतून लगेच चोरीचा आरोप करू नये. पुष्कळदा खर्च खरा असतो, कागद हरवलेला असतो आणि घाबरलेला मुलगा दुसरा बनवून आणतो. त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवावं की पावती हरवली तर तसं साध्या कागदावर लिहून दे, मी सही करेन. हरवलेल्या पावतीच्या खर्चाला मर्यादा घालता येते, पण खोट्या कागदाने सगळ्याच हिशेबावरचा विश्वास उडतो.

कराची बाजू

दोनतीन गोष्टी सेटवरच्या माणसालाही माहीत हव्यात, कारण त्या नंतर दुरुस्त करता येत नाहीत. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर काही अपवाद सोडता आयकरात तो खर्च धरला जात नाही. म्हणून जेवणवाला, लाइटवाला, लोकेशनचा मालक यांना बँकेतूनच द्यायचं. वर्षभरात ज्याला एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त दिले, अशा प्रत्येकाचा तपशील चित्रपट निर्मात्याला आयकर खात्याकडे द्यावा लागतो. त्यासाठी नाव आणि पॅन चित्रीकरणाच्या वेळीच घेऊन ठेवायचे, नंतर त्या माणसाला गाठणं जड जातं.

टीडीएस कापला की एक गल्लत हमखास होते. बिल १,००,००० चं, त्यातून २,००० कापले आणि ९८,००० दिले. बँकेचं पासबुक पाहून हिशेब लिहिणारा ९८,००० खर्च दाखवतो. खर्च एक लाखाचाच असतो, २,००० आपल्याला सरकारात भरायचे असतात. जीएसटीचं उलट होतं. लाइटचं भाडं २४,००० ठरलं, पण ‘अधिक जीएसटी’ हे दोन शब्द बजेट करताना नजरेतून सुटले, तर अठरा टक्क्यांनी रोज ४,३२० वाढतात. संस्थेला तो कर परत वळता करून घेता येत असेल तर तो खर्च नव्हे, येत नसेल तर तो बजेटमध्ये आधीपासून असायला हवा. हे आपल्या सीएला बजेट मंजूर होण्याआधी विचारायचं.

शेवटचा तक्ता

शेवटच्या दिवशीचं पॅकअप झालं तरी प्रॉडक्शन टीममधला एक माणूस दोनतीन दिवस गावात मागे थांबायला हवा. लोकेशनला दिलेली अनामत परत घ्यायची, कारण अनामत खर्चात जात नाही. वाड्याची कुठे मोडतोड झाली असेल तर मालकासमोर पाहून रक्कम ठरवायची आणि लिहून घ्यायची. कला विभागाने आणलेली भांडी, पडदे, लाकूड विकून आलेले पैसे त्याच खात्यात जमा धरायचे. सगळ्यांच्या उचली मिटवायच्या. मग लाइट, जेवण, गाड्या यांची अंतिम बिलं मागवून रोजच्या सह्या केलेल्या कागदांशी ताडायची, रक्कम द्यायची आणि ‘आता काही येणं बाकी नाही’ असं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.

यानंतर अंतिम हिशेब तयार होतो. त्यात मूळ मंजूर रक्कम, मध्ये मंजूर झालेले बदल, प्रत्यक्ष खर्च, फरक आणि फरकाचं कारण असे रकाने असतात. मूळ मंजूर रकमेच्या रकान्याला कोणीही हात लावायचा नाही. खर्च वाढला म्हणून मागे जाऊन बजेटच वाढवलं, तर फरक शून्य दिसतो आणि तक्त्याचा अर्थ संपतो.

सगळ्यांत मोठा मोह इथे असतो. जेवणाचं खातं फुटलेलं आणि कला विभागाचे पैसे उरलेले असले, की जेवणाची काही बिलं कला विभागात ढकलायची आणि दोन्ही ओळी व्यवस्थित करायच्या. एकूण बेरीज तीच राहते, म्हणून यात काही गैर आहे असं वाटत नाही. पण हा तक्ता पुढच्या सिनेमाचं बजेट करताना समोर येणार असतो. त्यात लिहिलेलं असेल की नव्वद माणसांचं युनिट बारा दिवस ३,७८,००० मध्ये जेवलं, तर पुढचा लाइन प्रोड्यूसर तोच आकडा धरेल, पुन्हा चालकांना विसरेल आणि पुन्हा चौथ्या दिवशी खातं फुटेल. त्याऐवजी त्या ओळीसमोर ‘जास्त ५२,८००, चालक आणि ज्युनिअर आर्टिस्टची ताटं मूळ बजेटमध्ये धरली नव्हती, एकदा रात्री उशीर, आकस्मिक निधीतून मंजूर’ एवढं स्वच्छ लिहिलं आणि सोबत मंजुरीचा कागद लावला, तर ती ओळ जुळली असंच मी म्हणेन. फरक किती, तो का पडला आणि तो कोणी मान्य केला, या तिन्हींची उत्तरं कागदावर आहेत. निर्मात्याला, पैसे लावणाऱ्याला आणि लेखापरीक्षकाला अंतिम हिशेबातून एवढंच हवं असतं.